रात्रीची गोळी की गोड सिरप?

सांगलीतल्या एका अडुसष्ट वर्षांच्या आजींचा गुडघा बदलला आहे, असे समजू. दुखण्यासाठी ट्रॅमॅडॉल सुरू आहे, सोबत लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या आहेत, चालणे जेमतेम खोलीपुरते. चार दिवस पोट साफ झालेले नाही. मुलगा औषधाच्या दुकानात जातो तेव्हा काउंटरवर दोन गोष्टी येतात: बिसाकोडिलच्या छोट्या गुळगुळीत गोळ्यांची पट्टी आणि लॅक्टुलोजची सिरपची बाटली. दोन्ही बद्धकोष्ठतेवरच आहेत. पण त्यांची कामाची पद्धत वेगळी आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांना लागणारा वेळ वेगळा आहे. बहुतेक घरांतली फसगत या वेळेपाशी होते.

बिसाकोडिलची गोळी आतड्याला थेट चालना देते. मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तिथल्या रसायनांमुळे तिचे कार्यक्षम रूप तयार होते. मग आतड्याच्या भिंतींची आकुंचने वाढतात आणि आत पाणीही सुटते. परिणाम साधारण सहा ते बारा तासांत दिसतो, म्हणून ती झोपताना घेतात. रात्री दहाला घेतली तर पहाटे चार ते सकाळी दहा यांदरम्यान कधीही कळ येऊ शकते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची एसटी पकडायची असेल, तर ही गोळी आदल्या रात्री घेऊ नये. घरी असण्याचा दिवस पाहून घ्यावी.

नेहमीची प्रौढ मात्रा एक किंवा दोन गोळ्या, म्हणजे 5 ते 10 मिलिग्रॅम. पहिल्यांदा घेणाऱ्याने, विशेषतः वयस्कर माणसाने, एकीनेच सुरुवात केलेली बरी, कारण पोटात मुरडा येणे हा तिचा ठरलेला दुष्परिणाम आहे.

आपल्याकडे एक चूक अगदी मायेपोटी होते. झोपताना हळद घातलेले गरम दूध आणि त्याबरोबरच गोळी. बिसाकोडिलवर एक खास आवरण असते. ते जठरातल्या आम्लात टिकते आणि पुढे आतड्यात विरघळते. दुधाने किंवा ॲसिडिटीच्या औषधाने जठरातले आम्ल कमी झाले की आवरण तिथेच सुटते. मग जळजळ, मळमळ, पोटात गोळा येणे असा त्रास होतो आणि जिथे पोहोचायला हवे तिथे औषध कमी पोहोचते. म्हणून दूध किंवा अँटासिड आणि गोळी यांत किमान एक तासाचे अंतर हवे. गोळी चावायची, फोडायची किंवा कुटायची नाही. साध्या पाण्याबरोबर अख्खी गिळायची. पित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोलसारखी गोळी चालू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

लॅक्टुलोजची गोष्ट निराळी. ही प्रयोगशाळेत बनवलेली साखर आहे, गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज यांच्या जोडीची. आपल्या लहान आतड्याला ती फोडता येत नाही, त्यामुळे ती जशीच्या तशी मोठ्या आतड्यात उतरते. तिथले जिवाणू ती खातात आणि आम्ल तयार करतात. साखर आणि ही आम्ले मिळून मळात पाणी धरून ठेवतात. मळ मऊ आणि फुगीर होतो. या सगळ्याला एक ते दोन दिवस लागतात, कधी तीनही. लॅक्टुलोजला बाद ठरवणारी बहुतेक माणसे पहिल्याच सकाळी निकाल देतात आणि बाटली कपाटात टाकतात. औषधाने काम सुरू करण्याआधीच दिलेला हा निकाल असतो.

मात्रा साधारण रोज 15 ते 30 मिलिलिटर. अनेक बाटल्यांत 15 मिलिलिटरमध्ये 10 ग्रॅम लॅक्टुलोज असते. चमच्याच्या अंदाजावर जाऊ नये, बाटलीबरोबर आलेल्या मापाच्या झाकणानेच मोजावे. पहिले काही दिवस वात सरतो, पोट फुगते, कारण जिवाणूंच्या कामातून वायूही तयार होतो. बहुतेकांचे हे हळूहळू कमी होते. शौच पातळ होऊ लागले तर मात्रा कमी करायची. यकृताच्या आजारात हेच सिरप कितीतरी मोठ्या मात्रेत, दिवसातून अनेकदा दिले जाते. म्हणून शेजारच्या रुग्णाची मात्रा उसनी घेऊ नये. गॅलॅक्टोसेमिया हा दुर्मिळ जन्मजात आजार असणाऱ्यांना ते अजिबात चालत नाही.

मग आजींसाठी काय? चार दिवस अडकलेल्या मळासाठी आज रात्री बिसाकोडिलची एक गोळी, आणि दुखण्याची गोळी चालू आहे तोवर रोज 15 मिलिलिटर लॅक्टुलोज, अशी जोडी डॉक्टर सुचवू शकतात. आजी दूध आठ वाजता पितात, गोळी साडेनऊला घेतात. सकाळी थोडा मुरडा येऊन पोट साफ होते. दुसऱ्या दिवशी शौचाला होत नाही आणि घरात पुन्हा काळजी सुरू होते. खरे तर तसे होणे अगदी स्वाभाविक आहे. आतडे एकदा रिकामे झाले की ते भरायला एक-दोन दिवस लागतात. या रिकाम्या दिवसाला बद्धकोष्ठता समजून दुसरी गोळी, मग तिसरी, असे चक्र सुरू होते आणि गोळीशिवाय पोट साफच होत नाही, अशी खात्री पटते. आजी त्या दिवशी फक्त सिरप घेतात. तिसऱ्या दिवशी मऊ शौच होते. दुखण्याची गोळी ट्रॅमॅडॉलसारख्या ओपिऑइड वर्गातली असते तेव्हा काहींना बिसाकोडिलसारखे चालना देणारे औषधही नियमित लागते. ते डॉक्टरांनी ठरवावे.

आता पाणी. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला सगळे देतात, पण किती ते कोणी सांगत नाही. लॅक्टुलोज मळात पाणी धरते, म्हणून अंग कोरडे असेल तर त्याचा उपयोग कमी होतो आणि थकवाही येतो. दिवसभरात दीड ते दोन लिटर, म्हणजे सहा ते आठ पेले द्रव, हे बहुतेक प्रौढांना योग्य. त्यात ताक, सार, पेज, वरणाचे पाणी आणि चहासुद्धा धरायचा. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. त्यापुढे चार-पाच लिटर प्यायल्याने मळ अधिक मऊ होत नाही. आतड्यात रोज पिण्याचे आणि पाचकरसांचे मिळून आठ-नऊ लिटर द्रव येतात आणि जवळजवळ सगळे परत शोषले जातात. जादा पाणी लघवीवाटे जाते. 1998 मध्ये इटलीतल्या एका अभ्यासात तंतूयुक्त आहाराबरोबर दोन लिटर पाणी पिणाऱ्यांना, मनाला येईल तेवढे म्हणजे सरासरी लिटरभर पिणाऱ्यांपेक्षा अधिक फायदा झाला. कमी पाणी दोन लिटरपर्यंत वाढवण्यात अर्थ आहे, एवढेच त्यातून घ्यायचे.

हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा घातलेल्या रुग्णाने ती मोडू नये. अशा वेळी ‘रोज एवढेच पाणी पितो’ हे सांगूनच औषध ठरवावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना जुलाब जास्त झाले तर पोटॅशियम घसरू शकते.

पोट घट्ट फुगले, उलट्या होत आहेत, वात सरत नाही, अशा वेळी दोन्हींपैकी काहीही घेऊ नये. आतड्यात अडथळा असू शकतो आणि चालना देणारी गोळी तिथे धोक्याची ठरते. लगेच रुग्णालय गाठावे. शौचात रक्त, विनाकारण घटलेले वजन, किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय यांची तपासणी औषध सुरू करण्याआधी हवी. बराच काळ शौच न झालेल्या वृद्धाला अचानक पातळ झिरपू लागले तर तो जुलाब समजू नये. कडक गोळ्याच्या बाजूने ते वाहत असू शकते, आणि तेव्हा जुलाब थांबवणारे औषध दिले तर अडकलेले आणखी अडकते.