नकाराची पहिली ओळ

पूर्वी घरात कुणी गेल्याचं कळवायचं असलं, की पोस्टकार्डाचा कोपरा फाडत, किंवा माथ्यावर ‘अशुभ’ असं लिहीत. ज्या आजीला वाचता येत नसे, तिलाही फाटका कोपरा पाहूनच सारं कळे. तारेला तर शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणूस ‘येत नाही’ एवढंच लिही. ती तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. आता निमंत्रण ईमेलनं येतं आणि नकारही ईमेलनंच जातो. शब्दांना पैसे पडत नाहीत, त्यामुळे नकार मजकुरात कुठं तरी आत दडून बसतो. तो कसा दडतो, हे माझ्याच चुकीवरून सांगतो.

आमच्या वसईकडच्या एका गावातल्या शाळेनं मला १८ जानेवारीच्या वार्षिक समारंभाला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. त्या दिवशी माझ्याकडे परीक्षेचं काम. मी उत्तर धाडलं. विषयाच्या ओळीत ‘Re: वार्षिक समारंभाचे निमंत्रण’ हे आपोआप आलेलं तसंच राहू दिलं, आणि सुरुवात केली ती अशी : ‘आपले प्रेमाचे निमंत्रण पोचले. आपल्या शाळेच्या समारंभास उपस्थित राहणे हा मी माझा सन्मानच समजतो, परंतु...’ नकार होता तो त्या ‘परंतु’च्या पुढं, चौथ्या ओळीत. गुरुजींनी मधल्या सुटीत मोबाईलवर नजर टाकली. तिथं विषय आणि पहिले काही शब्दच दिसतात, पुढं तीन टिंबं. त्यांना दिसला तो ‘सन्मान’. दुपारी माझं नाव छापखान्यात गेलं! पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. त्यात गुरुजींचा काय दोष?

मराठीत हा धोका जरा अधिकच आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ त्याच्याही मागून. इंग्रजीत नकार कर्त्याच्या पाठोपाठ येतो. आपण मात्र ‘आपल्या वार्षिक समारंभास प्रमुख पाहुणा म्हणून उपस्थित राहणे मला शक्य होणार नाही’ असं लिहितो आणि मोबाईल ते ‘उपस्थित राहणे’पाशी तोडतो. उरलेला तुकडा होकारासारखा दिसतो. उपाय साधा आहे. पहिलं वाक्य पाच-सहा शब्दांचं करावं, म्हणजे ‘नाही’ पडद्यावर मावतं : ‘१८ जानेवारीला मी येऊ शकत नाही.’ आरंभी नुसतं ‘क्षमस्व’ लिहून भागत नाही. ते उशिरा उत्तर दिल्याबद्दलही असू शकतं.

विषयाच्या ओळीत आपण कचेरीच्या वळणानं ‘निमंत्रणाबाबत’ असं लिहितो. ‘बाबत’ म्हटल्यावर येतो की येत नाही, हे कळायचं कसं? मी आज ती ओळ बदलून ‘१८ जानेवारी समारंभ : येऊ शकत नाही’ अशी लिहिली असती. मात्र विषय बदलला, की जीमेलमध्ये ते उत्तर मूळ पत्राच्या साखळीतून सुटून वेगळं पडतं. म्हणून तारीख आणि प्रसंग हे दोन्ही ओळीत हवेतच, नाही तर कशाला नकार, हेच समजणार नाही.

विषयात सांगितलं, मग पहिल्या वाक्यात पुन्हा कशाला, असं कुणी विचारील. पुष्कळ जण विषय न वाचताच पत्र उघडतात, म्हणून. कारण त्यानंतर सांगावं, आणि एकच. कारण आधी आलं, की वाचणारा त्यावर तोडगा काढू लागतो : परीक्षा दुपारी संपते ना, मग संध्याकाळी या! आभार आणि दुसऱ्या वक्त्याचं नाव सुचवणं, हे सगळं मागून खुशाल यावं.

एक सवय मात्र सोडायला जड जाते. ‘बघतो’, ‘जमल्यास येतो’ असं आपण ओट्यावर बसून म्हणतो, तेव्हा समोरच्याला आवाजावरून नकार कळतो. ईमेलला आवाज नाही. तिथं ‘जमल्यास येतो’ वाचून गुरुजी खुर्ची राखून ठेवतात.

आता याला एक अपवाद. मुलीचं स्थळ नाकारायचं असलं, तर विषयाच्या ओळीत नकार लिहू नये. कित्येक घरांत मोबाईल एकच असतो, आणि ती ओळ बंद पडद्यावरही झळकते. धाकट्या भावंडांनी ती आधी वाचावी, हे बरं नव्हे. तिथं विषय ‘आपले पत्र पोचले’ एवढाच ठेवावा. पहिलं वाक्यही पडद्यावर येऊ शकतं, म्हणून नमस्काराची एक ओळ आधी घालावी आणि लगेच पुढच्या वाक्यात ‘हे स्थळ आम्ही पुढे नेत नाही’ असं स्पष्ट लिहावं. ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणावं, तर ते लोक दुसऱ्या ज्योतिषाकडे जातात!