गूळ, खांडसरी आणि पेपरातले मार्क

‘गूळ, खांडसरी व साखर यांतील फरक सांगा’ हा साखर तंत्रज्ञानाच्या पेपरातला ठरलेला प्रश्न. बरेच विद्यार्थी रंग, चव, खनिजे असा तक्ता मांडतात. तो चुकीचा नाही, पण त्यात तंत्रज्ञान कुठे आहे? खरा फरक दोन गोष्टींत आहे: रस कसा आटवला आणि मळी वेगळी काढली का.

गुऱ्हाळात रस उघड्या काहिलीत आटतो. भेंडीच्या चिकाने मळ वर येतो, तो काढून टाकतात. पाक साधारण ११८ अंशांवर पोचला की गुळव्या त्याचा थेंब थंड पाण्यात टाकतो. घट्ट गोळी झाली की काहील उतरवायची. मळी निघतच नाही. सगळे ढेपेत जाते.

खांडसरीतही आटवणे उघड्यावरच, पण त्या पाकाची, म्हणजे राबेची, स्फटिके धरू देतात आणि यंत्रात गरगर फिरवून मळी वेगळी करतात. इथेच तोटा होतो. जास्त उष्णतेत साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज बनतात. त्यांचे स्फटिक होत नाहीत आणि ती मळीबरोबर जातात. गुळात हा तोटा दिसत नाही, कारण तिथे काही वेगळे काढायचेच नसते. मात्र विघटन फार झाले तर ढेप मऊ पडते.

कारखान्यात निर्वात भांड्यात पाक ६५-७० अंशांच्या आसपासच उकळतो, म्हणून साखर वाचते. उत्तरात हे कारण लिहा, तक्ता नंतर.