पुन्हा तोच सुस्कारा

कादंबरी लिहायला दोन-तीन वर्षं लागतात आणि वाचायला दोन-तीन संध्याकाळी. हस्तलिखितातल्या बहुतेक पुनरुक्तींचं मूळ या तफावतीत आहे. पाचव्या प्रकरणातला ‘दीर्घ श्वास’ लेखकाने पावसाळ्यात लिहिलेला असतो आणि सातव्यातला त्यानंतरच्या उन्हाळ्यात. त्याच्या लेखी दोन्ही ताजे असतात. वाचक मात्र एकाच बैठकीत दोन्हींपाशी पोचतो आणि त्याला ते खटकतात. हस्तलिखित ओळीओळीने तपासणाऱ्या संपादकाला ते वाचकाच्या आधी खटकावे लागतात.

हे काम मुद्रितशोधनापेक्षा वेगळं. मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, सुटलेली अक्षरं पाहतो. ओळींचं संपादन करणारा वाक्य शुद्ध आहे असं धरून चालतो आणि मग विचारतो, हे वाक्य इथे कशासाठी आहे? मराठीत ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचं नाव झालं ते अशा वाचनासाठी. लेखकाशी पत्रव्यवहार करत, शंका विचारत मजकूर पुन्हा पुन्हा तपासण्याची शिस्त त्यांनी रुजवली.

पहिल्या वाचनात अनुभवी संपादक काहीही दुरुस्त करत नाही. तो सलग वाचतो आणि जिथे कान अडतो तो शब्द बाजूच्या कागदावर टिपून ठेवतो. शेवटी त्या कागदावर लेखकाची खास यादी तयार होते. कुणाच्या यादीत ‘अचानक’, ‘क्षणभर’, ‘नकळत’ असतं, तर कुणाच्या ‘जणू’. वैचारिक लेखनाची यादी वेगळी असते: ‘खऱ्या अर्थाने’, ‘प्रामुख्याने’, ‘या ठिकाणी’, ‘असं म्हटलं तर वावगं ठरणार नाही’. अहवालांच्या सवयीतून ‘करण्यात आले’ येतं. ‘सभेचे आयोजन करण्यात आले’ या वाक्यातून ‘सभा झाली’ यापेक्षा जास्त काहीच कळत नाही.

यादी झाली की संगणकावर शोध सुरू होतो आणि इथे मराठीची स्वतःची अडचण समोर येते. ‘सुस्कारा’ शोधला तर ‘सुस्कारे’ सापडत नाही. म्हणून प्रत्यय काढून ‘सुस्कार’ शोधावं, तर ‘सुस्काऱ्यानं’ निसटण्याची शक्यता असते, कारण त्यातला ऱ हा संगणकासाठी साध्या र पेक्षा वेगळा वर्ण आहे. ‘सुस्का’ एवढाच तुकडा घेतला, तर सगळी रूपं हाती लागतात. उलट ‘हस’ शोधलं तर हसला, हसून, हसत यांच्याबरोबर रहस्य, तहसील आणि हस्तलिखितही येतात. जोर देणारा ‘च’ शोधायचा तर च नंतर एक मोकळी जागा द्यावी लागते. तरीही पाच, लाच आणि खर्च मध्ये येतातच, ते डोळ्यांनी वगळावे लागतात. सापडलेल्या जागा रंगवल्या, की पानावरची दाटी दिसते, आणि ती आकड्यापेक्षा बोलकी असते.

नुसता आकडा फसवतो. तीनशे पानांत ‘म्हणाला’ सहाशे वेळा आला तरी वाचकाला तो दिसत नाही. तो जवळजवळ विरामचिन्हासारखा वाचला जातो. ‘विषण्ण’ मात्र तीनदा आला तरी लक्षात राहतो. शब्द जितका ठळक, तितकं दोन वापरांमधलं अंतर जास्त लागतं. शिवाय ‘हळूहळू’, ‘घरोघरी’, ‘बोलता बोलता’ यांतली द्विरुक्ती मराठीच्या व्याकरणाचाच भाग आहे, तिला हात लावायचं कारण नाही.

सर्वांत हट्टी असतात ते हावभाव. माना डोलतात, भुवया उंचावतात, ओठ चावले जातात, डोळ्यांत पाणी तरळतं. याचं कारण साधं आहे. संवाद लिहिताना लेखकाला दोन वाक्यांमध्ये थोडा थांबा हवा असतो आणि हाताशी पहिला सापडतो तो श्वास किंवा नजर. पात्राला नेमकं काय वाटतंय हे अजून लेखकाला गवसलेलं नसतं. तोवर त्या जागी हावभाव उभा असतो. पुढे ते गवसतं, पण हावभाव काढायचा राहून जातो.

या लेखासाठी रचलेला एक नमुना पाहू. वडिलोपार्जित घराच्या विक्रीवरून बहीण-भाऊ समोरासमोर बसले आहेत:

‘वसुधाने दीर्घ श्वास घेतला. तिने क्षणभर अरविंदकडे पाहिलं. खरं तर तिला खूप काही बोलायचं होतं. पण तिला जाणवलं, की आता बोलण्यात अर्थच नाही. अरविंदने मान खाली घातली. क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग तिने सुस्कारा सोडला आणि खिडकीबाहेर पाहिलं.’

एकही वाक्य चुकलेलं नाही. पण ‘क्षणभर’ दोनदा आहे, ‘पाहिलं’ दोनदा आहे, आणि दीर्घ श्वास व सुस्कारा हा एकच श्वास दोन नावांनी आला आहे. नुसत्या शब्दशोधात ही शेवटची जोडी कधीच सापडणार नाही, कारण पुनरुक्ती अर्थाची आहे. ‘खरं तर’ काढलं तरी काही उणं होत नाही. ‘तिला जाणवलं, की’ हेही नको, कारण प्रसंग वसुधाच्याच मनातून चालला आहे. ‘बोल’ तीनदा आलं आहे. त्यातली पहिली दोन रूपं एकमेकांना उत्तर देतात, म्हणून ती राहू द्यायची. तिसरं नुसती शांतता सांगतं आणि ती आधीच कळली आहे.

अशा वेळी ‘पाहिलं’च्या जागी ‘अवलोकन केलं’ किंवा ‘दृष्टिक्षेप टाकला’ घालण्याचा मोह होतो. इंग्रजीत फाउलर बंधूंनी १९०६ च्या ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये या खोडीवर टीका केली होती. शब्द बदलला तरी नको असलेली कृती तशीच राहते आणि भाषा अवघडते. आधी ती कृती हवी का, हे ठरवावं लागतं.

मात्र रिकामी झालेली जागा भरणं संपादकाचं काम नाही. तो समासात लिहितो: ‘या वेळी वसुधाच्या हातात काय आहे?’ उत्तर लेखकानेच द्यायचं. समजा, ते असं आलं:

‘वसुधाने अरविंदकडे पाहिलं. बोलायचं खूप होतं, पण आता बोलण्यात अर्थ नव्हता. अरविंदने मान खाली घातली. तिने टेबलावरचे कागद गोळा केले, सहीचं पान सर्वांत वर ठेवलं आणि पेनाला टोपण लावलं.’

मान खाली घालणं राहिलं आहे. भावाचा अपराधीपणा तिथे नेमका दिसतो आणि आसपासचे हावभाव गेल्यामुळे आता तो वाचकापर्यंत पोचतो. पण हीच मान आणखी चार प्रकरणांत खाली गेली असेल, तर कोणती ठेवायची हे रंगवलेल्या सगळ्या जागा एकत्र पाहूनच ठरतं. म्हणून हावभावांची छाटणी प्रकरणागणिक करू नये, अख्ख्या पुस्तकावर एकदम करावी.

एखाद्या पात्राची लकबही असते. दर वाक्याला ‘काय समजलात?’ विचारणारे काका जर कथेला हवे असतील, तर तो प्रश्न छाटला की काकाच उरत नाहीत. तपासायचं एवढंच, की ती लकब त्या एकट्याचीच आहे ना. तोच प्रश्न काकू, शेजारी आणि निवेदकही विचारू लागले, तर ती सवय काकांची नसून लेखकाची आहे.

आपलं हस्तलिखित प्रकाशकाकडे धाडण्यापूर्वी प्रत्येक लेखकाने एवढं तरी जरूर करावं: ते महिनाभर बाजूला ठेवावं, मग कागदावर छापून सलग दोन दिवसांत मोठ्याने वाचावं आणि अडलेल्या शब्दांची आपली यादी स्वतःच्या हाताने लिहून काढावी.