नणंदेला पहिला तिळगूळ

लग्नानंतरची पहिली संक्रांत म्हटली की काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने डोळ्यांसमोर येतात. थंडीत काळा रंग ऊब धरतो म्हणून एरवी शुभकार्यात टाळलेला हा रंग त्या दिवशी मानाने नेसवला जातो. सुनेचं सगळं कौतुक होतं, ओटी भरली जाते. या सगळ्यात तिच्याकडून निघणारी एक छोटी गोष्ट मला फार मोलाची वाटते, ती म्हणजे परगावच्या नणंदेला तिने पाठवलेला तिळगूळ आणि सोबतच्या चार ओळी.

पूर्वी नातेवाइकांना पोस्टाच्या पाकिटातून चिमूटभर हलवा पाठवायची पद्धत घरोघरी होती. आता शुभेच्छा फोनवर जातात, पण एका मजकुराने शंभर जणांना जातात. नव्या नात्यात मात्र आपल्यासाठीच लिहिलेलं काही हवं असतं.

माझ्या भाचीचं लग्न मार्गशीर्षात झालं. ती पुण्यात आणि नणंद इंदूरला. नणंद नवऱ्यापेक्षा मोठी, आणि दोघींची ओळख लग्नाच्या चार दिवसांची. माझ्या आईच्या पिढीत नणंदेला ‘वन्सं’ म्हणत. भाचीने ‘ताई’ निवडलं आणि ‘अहो-जाहो’ ठेवलं. मोठ्या नणंदेने स्वतः ‘अगं-तुगं’ सुचवेपर्यंत हेच बरं.

खरी अडचण मजकुराची होती. तिने आधी लिहिलं होतं, ‘पुणे-इंदूर अंतरामुळे आपली भांडणं टळली!’ मी ते काढायला सांगितलं. भोंडल्याच्या गाण्यांपासून जात्यावरच्या ओव्यांपर्यंत नणंद-भावजयीच्या कुरबुरी आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. समोरासमोर असताना असं बोललं तर डोळ्यांतलं हसू दिसतं, पण कागदावर ते दिसत नाही. चार दिवसांच्या ओळखीत नणंदेलाच थट्टेचा विषय केलं तर शब्द टोचू शकतो. मग थट्टा कोणाची करायची? दोघींच्या मधे एक हक्काचा माणूस असतो. तो एकीचा भाऊ असतो आणि दुसरीचा नवरा. त्याच्याविषयी दोघींना सारखीच माया असते, आणि त्याच्या खोड्या बहिणीला वीस-पंचवीस वर्षं जास्त माहीत असतात.

शेवटी चिठ्ठी अशी झाली:

‘ती. ताई, सा. न.
पुण्याहून इंदूरला निघाला लाडवांचा डबा,
ताईंच्या भावाने दारातच घेतला ताबा!
एकवीस लाडू वळले होते, पंधरा पाठवतेय. उरलेल्या सहांचा हिशेब तुमच्या भावाकडे मागा. लहानपणी तो डब्यातला लाडू काढून बाकीचे पुन्हा सारखे रचून ठेवायचा, असं तुम्ही मांडवात सांगितलं होतं. परवा मी ते डोळ्यांनी पाहिलं. अशा आणखी खोड्या असतील तर कळवा, मला महिनाच झालाय. हलवा मी केलाय, काटा कसा आलाय ते सांगा. तिळगूळ घ्या, गोड बोला. भावाशी थोडं तिखट बोललात तरी चालेल.’

उखाण्यात नवऱ्याचं नाव असतं, इथे त्या जागी ‘ताईंचा भाऊ’ आला आणि नणंदेचा मान राखला गेला. मांडवातली आठवण आली, म्हणजे तिचं बोलणं वहिनीने लक्षात ठेवलंय हे तिला कळलं. आणि शेवटी दोन प्रश्न आहेत, त्यामुळे उत्तर द्यायला निमित्त मिळालं. याहून लांब पत्राची गरज नाही.

आता डब्याकडे वळू. परगावी पाठवायला मऊ गुळाची वडी नको, ती वाटेत भुगा होते. लाडूच बरा. भाचीने दोन वाट्या तीळ तडतडेपर्यंत मंद भाजले आणि अर्धी वाटी दाण्याचं जाडसर कूट घेतलं. चमचाभर तुपावर दीड वाटी चिक्कीचा गूळ वितळवला. पाकाची परीक्षा ताटलीतल्या गार पाण्यात होते. थेंब टाकला की बोटांनी त्याची घट्ट गोळी वळता आली पाहिजे. थेंब पाण्यात पसरला तर पाक कच्चा आहे, लाडू डब्यात बसकण मारतील. गोळी काचेसारखी तुटली तर पाक पुढे गेला, लाडू दाताला लागतील. गोळी जमली की गॅस बंद करून तीळ, कूट आणि वेलदोड्याची पूड घालायची आणि मिश्रण गरम असतानाच हाताला पाणी लावून लाडू वळायचे. ते गार झालं की वळत नाही. अशा वेळी कढई पुन्हा मंद आचेवर धरली की मिश्रण सैल होतं.

हलव्याला मात्र खरा धीर लागतो. तीन दिवस, रोज दीड-दोन तास भाची परातीपुढे बसली होती. वाटीभर साखरेत अर्धी वाटी पाणी घालून उकळायचं, चमचाभर दूध घालून वर आलेली मळी काढायची आणि एकतारी पाक करायचा. परात अगदी मंद आचेवर ठेवून त्यात पाव वाटी चाळलेले तीळ घ्यायचे. मग चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी तीळ सतत हलवत राहायचे. तो चमचा पुरता सुकल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही.

पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढरे होतात. दुसऱ्या दिवशी दाणा खडबडीत लागतो. त्या उंचवट्यांवरच पुढचा पाक धरतो आणि सुकतो, म्हणून तिसऱ्या दिवशी काटा डोळ्यांना दिसायला लागतो. घाईने जास्त पाक घातला तर तिळांच्या गुठळ्या होतात. पाक फार घट्ट झाला किंवा आच वाढली तर साखर दाण्याला न धरता परातीत भुकटी होऊन पडते. भाचीचं दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिने भुकटी चाळून काढली, पाकात चमचाभर पाणी घालून तो सैल केला आणि पुन्हा बसली. कोरड्या थंडीत काटा चांगला येतो. आभाळ आलं की साखर दमट राहते आणि दाणा गुळगुळीतच राहतो.

लाडू आणि हलवा एकत्र ठेवायचे नाहीत. तूप लागलं की हलवा पिवळट आणि चिकट होतो. हलव्याची बटर पेपरची वेगळी पुडी करावी. लाडू पूर्ण गार झाल्यावर कोरड्या डब्यात भरावेत आणि मोकळ्या जागेत कागद कोंबावा, म्हणजे ते आदळत नाहीत. डबा संक्रांतीलाच पोचायला हवा असंही नाही. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देता येतो. त्यामुळे उशीर झाला म्हणून बेत रद्द करू नये.

भाचीचा डबा संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी इंदूरला पोचला. संध्याकाळी नणंदेचा फोन आला, मी तिथेच होते. काटा सुरेख आलाय, असं ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, ‘पण अगं, डब्यात चौदाच आहेत. पंधरावा कोणी काढला ते तू विचारतेस की मी विचारू?’

भाची हसायला लागली. फोनवरून तीही हसत होती. त्या एका ‘अगं’नेच पंधराव्या लाडवाची भरपाई झाली.