सहाच्या जागी आलेला चार

४५ अंशांची ज्या, म्हणजे sin 45°, शाळेत शिकलेल्या माणसाला सहसा आठवते : ०.७०७१०६७८. तिची कोज्याही तेवढीच. पण sin 47° किती? कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला, तर हाताशी ४५ अंशांची माहिती आहे आणि जायचे आहे दोन अंश पुढे. हा प्रश्न भारतीय ज्योतिषगणिताच्या रोजच्या व्यवहारातला होता. ज्यांचे पारंपरिक कोष्टक २४ नोंदींचे, दर ३ अंश ४५ कलांना एक नोंद; ४५ अंशांची नोंद बारावी आणि पुढची थेट ४८ अंश ४५ कलांची. ग्रहाचे गणित मात्र कोष्टकाच्या सोयीने ठरत नाही. मधल्या कोनांसाठी काहीतरी करावेच लागे.

सर्वांत सरळ उपाय म्हणजे ४५ अंशांपाशी ज्या ज्या वेगाने वाढते आहे, त्याच वेगाने ती दोन अंश वाढत राहील असे धरणे. ज्येचा वाढीचा वेग, कलनशास्त्राच्या भाषेत तिचा विकलज, म्हणजे कोज्या. इथे पहिली अट येते : कोन रेडियनमध्ये मोजला तरच हे खरे. दोन अंश म्हणजे ०.०३४९०६५९ रेडियन, या अंतराला h म्हणू. कोणी चुकून h च्या जागी सरळ २ घातले, तर उत्तर २.१२ येते. ज्या कधी १ च्या पुढे जात नाही, त्यामुळे ही चूक लगेच उघडी पडते. योग्य h घेतला की ०.७०७१०६७८ मध्ये ०.७०७१०६७८ × ०.०३४९०६५९ मिळवायचे आणि उत्तर येते ०.७३१७८९४६. खरी किंमत ०.७३१३५३७० आहे. तीन दशांश स्थळे जेमतेम जुळली, आणि उत्तर खऱ्यापेक्षा जास्त आले. याचे कारण असे, की ज्या वाढते खरी, पण वाढता वाढता तिचा वेग मंदावत जातो. आपण तो मंदावणे हिशोबात धरलेच नव्हते.

म्हणून दुसरे पद हवे. आपल्याला h ची अशी बहुपदी बनवायची आहे, की ४५ अंशांपाशी तिची किंमत ज्येइतकी असेल, तिचा वेग ज्येच्या वेगाइतका असेल, वेगाचा वेगही तितकाच असेल, आणि असेच पुढे जितके झेपेल तितके. ज्येचे विकलज क्रमाने कोज्या, उणे ज्या, उणे कोज्या असे येतात, आणि चौथ्या पायरीला पुन्हा ज्या. आता h² चे दोनदा विकलन केले तर २ उरतो. म्हणजे दुसरा विकलज जुळवायचा तर h² च्या पदाला २ ने भागलेच पाहिजे. h³ चे तीनदा विकलन केले की ३ × २ × १ = ६ उरतो, म्हणून तिसऱ्या पदाखाली ६. पुढे २४, मग १२०. छेदातले हे आकडे कोणी सोयीसाठी ठरवलेले नाहीत. विकलन करताना घातांक एकेक करून खाली उतरतात आणि त्यांचा गुणाकार साचत जातो, त्याची ही भरपाई. तीन पायऱ्यांपर्यंतची बहुपदी अशी :

sin(a + h) ≈ sin a + h·cos a − (h²/2)·sin a − (h³/6)·cos a

यात a म्हणजे आपला केंद्रबिंदू, इथे ४५ अंश. दुसरे पद धरले की उत्तर ०.७३१३५८६७ होते आणि तिसरे धरले की ०.७३१३५३६६. खऱ्या किमतीशी ताडून पाहिले तर दुसऱ्या पदानंतर दहा लाखांत सुमारे ५ भागांची चूक राहते, आणि तिसऱ्यानंतर अब्जात ४४ भागांची.

ब्रूक टेलर या इंग्रज गणितज्ञाने १७१५ मध्ये सर्वसाधारण सूत्र छापले, म्हणून अशा बहुपदीला टेलर बहुपदी म्हणतात. पण ज्येसाठी दुसऱ्या पदापर्यंतचा नियम केरळात त्याच्या तीन शतके आधीपासून होता. संगमग्रामचे माधव (सुमारे १३४० ते १४२५) यांच्या नावावर तो नीलकंठांनी नोंदवून ठेवला आहे. माधवांच्याच परंपरेतले परमेश्वर यांनी तर तिसऱ्या पदापर्यंत जाणारी रीत दिली. मात्र गणितेतिहासाचे अभ्यासक आर. सी. गुप्त यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले, की त्या रीतीतून निघणाऱ्या तिसऱ्या पदाखाली ६ नाही, ४ आहे. कलनशास्त्राची आजची भाषा नसताना तिसऱ्या पदापर्यंत पोचणे ही केवढी झेप! त्या ४ मुळे परमेश्वरांचे मोठेपण कमी होत नाही. मला तो आकडा वेगळ्या कारणासाठी मोलाचा वाटतो : बहुपदीत एखादा आकडा चुकला तर ते कशावरून ओळखायचे, हे त्याच्यावर स्वच्छ दिसते.

त्यासाठी आधी शेषाकडे यावे लागेल. शेष म्हणजे खरी किंमत आणि बहुपदी यांतला फरक. खरी किंमत माहीत असती तर बहुपदी बनवलीच कशाला असती? तेव्हा ती न वापरता शेषाला वरची मर्यादा घालता आली पाहिजे. लाग्रांज या गणितज्ञाने १७९७ च्या आपल्या ग्रंथात शेषाचे जे रूप मांडले, ते यासाठी फार कामाचे आहे. न घेतलेले पहिले पद जसे दिसले असते तसाच शेष दिसतो. फरक एवढाच, की त्यातला विकलज केंद्रबिंदूपाशी न घेता केंद्र आणि आपला बिंदू यांच्या मध्ये कुठेतरी, c या ठिकाणी घ्यायचा. तीन पायऱ्यांच्या आपल्या बहुपदीसाठी :

R = (h⁴/24)·sin c,  c हा 45° आणि 47° यांच्या मध्ये

c नेमका कुठे आहे हे आपल्याला कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. त्या सबंध पट्ट्यात sin c जास्तीत जास्त किती होऊ शकेल एवढे सांगता आले की झाले. सर्वांत ढोबळ उत्तर १. मग शेष h⁴/24 च्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणजे अब्जात ६२ भाग. जरा नेटके हवे असेल, तर ज्या ९० अंशांपर्यंत वाढतच जाते आणि ४७ हा ६० पेक्षा लहान आहे, हे वापरावे. sin 60° = ०.८६६, म्हणून मर्यादा अब्जात ५४ भागांवर येते. प्रत्यक्ष चूक ४४ भागांची आहे, हे आपण वर पाहिलेच. ढोबळ मर्यादाही खोटी नाही, फक्त सैल आहे, आणि बहुतेक कामांना सैल मर्यादा पुरते.

इथे विद्यार्थी एका ठिकाणी हमखास घसरतात. c माहीत नाही, मग केंद्राचीच किंमत घालून टाकू, असे त्यांना वाटते. तसे केले तर sin 45° ने अब्जात ४३.७ भाग ही ‘मर्यादा’ मिळते. खरी चूक मात्र ४४.० भागांची आहे. फरक क्षुल्लक दिसतो, पण जिला चूक ओलांडू शकते ती मर्यादाच नव्हे. सबंध पट्ट्यातली सर्वांत मोठी किंमत घ्यायची, ती इथे दुसऱ्या टोकाला आहे.

आता तो चार. तिसऱ्या पदात h³/6 ऐवजी h³/4 घातले, तर उत्तर ०.७३१३५११५ येते, चूक दहा लाखांत २.५५ भाग. तिसरे पद मुळीच न घेता राहिलेल्या चुकीच्या ही निम्मी आहे. नुसते उत्तर पाहणाऱ्याला वाटेल, सुधारणा झाली, पद बरोबर असावे. कोष्टक वापरणाऱ्या ज्योतिष्याच्या दृष्टीने ती खरोखर सुधारणाच होती.

मर्यादेचे सूत्र मात्र आणखी एक गोष्ट सांगते. तीन पायऱ्यांची बहुपदी बरोबर असेल, तर तिचा शेष h⁴ च्या प्रमाणात असतो. अंतर निम्मे केले की चूक जवळजवळ सोळाव्या हिश्श्यावर यायला हवी. तेव्हा ४६ अंशांसाठी, म्हणजे एकाच अंशाच्या अंतरावर, तेच गणित पुन्हा करून पाहू. sin 46° = ०.७१९३३९८००. सहाच्या सूत्राची चूक अब्जात ४४ वरून २.७ भागांवर येते, सोळापट कमी. चाराच्या सूत्राची चूक दहा लाखांत २.५५ वरून ०.३१६ भागांवर येते, म्हणजे फक्त आठपट कमी. आठ म्हणजे दोनाचा घन. चुकीत h³ चा अंश अजून शिल्लक आहे, तिसरे पद पुरते जुळलेले नाही, हे यावरून कळते. छेदात २ च्या ऐवजी दुसरे काही पडले असते तर हाच भागाकार ४ आला असता. ज्यांना संगणकावर असली सूत्रे बसवावी लागतात, त्यांनी ही अंतर निम्मे करण्याची परीक्षा हाताशी ठेवावी. दोन ठिकाणच्या खऱ्या किमती तेवढ्या माहीत हव्यात, आणि कितव्या पदात खोट आहे ते भागाकार सांगतो.

ज्येच्या बाबतीत सगळे इतके सुरळीत चालते, कारण तिचा कुठलाही विकलज १ च्या पुढे जात नाही आणि छेद भराभर वाढतात. त्यामुळे केंद्र लांबचे असले तरी चालते, फक्त पदे जास्त लागतात. शून्य अंश केंद्र धरून sin 47° काढायचे तर तेवढी अचूकता मिळवायला घातांक नऊपर्यंत जावे लागते. ४५ अंशांवरून तीनपर्यंत पुरले.

नैसर्गिक लॉगॅरिदम इतका सरळ नाही. १ हे केंद्र धरून ३ चा लॉग काढायला गेलो तर h = २, आणि पदे येतात २, −२, २.६७, −४, ६.४. पदे वाढतच जातात. शेषाची मर्यादा काढली तर n पायऱ्यांनंतर ती 2ⁿ⁺¹/(n+1) निघते आणि तीही फुगत जाते. इथे जास्त पदे घेऊन उत्तर बिघडतेच. केंद्र बदलून २.७१८२८१८ घेतले, जिथे लॉगची किंमत बरोबर १ आहे, तर अंतर ०.२८१७ एवढेच राहते. मग तीनच पायऱ्यांत उत्तर १.०९८६४ येते. लाग्रांजच्या रूपाने काढलेली मर्यादा ०.००००२९ आहे आणि प्रत्यक्ष चूक ०.००००२७.