मार्चमधली वर्गणी कोणत्या वर्षाची?

मार्चचा शेवटचा आठवडा. बॅडमिंटन क्लबच्या टेबलावर एक सभासद १,२०० रुपये ठेवतो आणि म्हणतो, "पुढच्या वर्षाचे आत्ताच घेऊन टाका." खजिनदार पावती फाडतात. रक्कम त्याच दिवशी रोकडवहीत चढते आणि वर्षअखेरीस प्राप्ती व शोधन खात्यात येते. हे खाते फक्त पैसे कधी आले नि गेले एवढेच सांगते, ते कोणत्या वर्षाचे हे विचारत नाही. तो प्रश्न उत्पन्न व खर्च खाते विचारते.

समजा, क्लबचे सभासद २०० आणि वार्षिक वर्गणी १,२०० रुपये. २०२४-२५ च्या प्राप्ती बाजूला वर्गणी दिसते २,५८,००० रुपये. पावतीपुस्तक उघडून प्रत्येक पावतीवरचे वर्ष पाहिले, की रक्कम तीन भागांत वाटली जाते: ६,००० रुपये २०२३-२४ ची थकबाकी, २४,००० रुपये २०२५-२६ ची आगाऊ वर्गणी आणि चालू वर्षाचे २,२८,०००.

थकबाकीचे ६,००० गेल्या वर्षीच उत्पन्नात धरले होते; ते वजा करायचे. आगाऊ २४,००० रुपयेही वजा करायचे. क्लबने त्या वीस सभासदांना अजून कोर्ट द्यायचे आहे, म्हणून हे पैसे ताळेबंदात देण्यांच्या बाजूला जातात.

आता बेरजा. चार सभासदांची चालू वर्षाची वर्गणी यायची आहे: ४,८०० रुपये. ते उत्पन्नात मिळवायचे आणि ताळेबंदात येणे म्हणून दाखवायचे. दुसरी बेरीज मात्र हमखास निसटते. सहा सभासदांनी २०२४-२५ ची वर्गणी गेल्याच वर्षी भरली होती: ७,२०० रुपये. हे पैसे या वर्षीच्या रोकडवहीत शोधून सापडणार नाहीत. त्यासाठी ३१ मार्च २०२४ चा ताळेबंद काढून देण्यांची बाजू पाहावी लागते. सेवा या वर्षी दिली, म्हणून उत्पन्नही या वर्षाचे.

२,५८,००० मधून ६,००० आणि २४,००० वजा केले, ७,२०० आणि ४,८०० मिळवले, की उरतात २,४०,००० रुपये. पडताळाही सोपा: २०० गुणिले १,२०० म्हणजे तेवढेच. वर्षभर सभासदसंख्या व दर तोच असताना हा मेळ बसला नाही, तर आधी गेल्या वर्षीची आगाऊ वर्गणी तपासावी.

हे न करता २,५८,००० तसेच उत्पन्नात घेतले, तर वाढावा १८,००० रुपयांनी फुगतो. तो खरा मानून समितीने नव्या जाळ्या घेतल्या, तर एप्रिलनंतर त्या वीस सभासदांकडून वर्गणी येणार नसते, आणि त्यांच्या वाट्याची शटलकॉक, वीज आणि कोर्टाचे भाडे मात्र द्यावेच लागते. म्हणून पावती फाडताना रकमेशेजारी वर्षही लिहावे. वर्षअखेरीचे सगळे गणित त्या एका नोंदीवर उभे असते.