चकली नरम पडली, पण दोष भाजणीचा नव्हता! ग्राहकांच्या प्रतिक्रिया मोजायच्या कशा?



तुम्ही एखाद्या छोट्या व्यवसायात इंटर्न म्हणून गेलात, की पहिल्याच आठवड्यात एक काम हमखास अंगावर येतं. "लोकांनी काय काय लिहिलंय ते जरा वाचून काढ आणि मला सांग." काम सोपं वाटतं, पण चुकीचं केलं तर मालक चुकीच्या ठिकाणी पैसे घालतो. आज एकच उदाहरण घेऊन हे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू. नावं सांगत नाही, आणि हिशेब समजायला सोपा जावा म्हणून आकडे थोडे सरळ करून घेतले आहेत.

साताऱ्याच्या एक ताई दिवाळीचा फराळ करून विकतात. गावात स्वतःच्या माणसाकडून घरपोच देतात आणि पुण्या-मुंबईला कुरिअरने पाठवतात. दिवाळीनंतर चकली नरम असल्याच्या तक्रारी आल्या. त्यातल्या एका ग्राहकाने तर फोन करून चांगलंच सुनावलं. ताईंनी ठरवून टाकलं की भाजणीचं प्रमाण बदलायचं. पुढच्या लॉटसाठी 60 किलो भाजणी दळायला टाकायची होती. त्याआधी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला असलेली त्यांची इंटर्न म्हणाली, "ताई, मला चार दिवस द्या. आधी मोजून बघते."

पायरी 1: सगळं एका शीटमध्ये, ग्राहकाच्याच शब्दांत

प्रतिक्रिया तीन ठिकाणी होत्या: व्हॉट्सअ‍ॅप, गूगल रिव्ह्यू आणि फोनवर आलेल्या तक्रारींची वही. सगळ्या मिळून 140 नोंदी झाल्या. त्यातल्या 26 म्हणजे नुसते अंगठे, "थँक्यू" किंवा "अनारसे मिळतील का?" अशी चौकशी. ती काही प्रतिक्रिया नाही, म्हणून बाजूला काढली. उरल्या 114. मग लक्षात आलं की काही ग्राहकांनी तीच तक्रार आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिली आणि नंतर गूगलवरही टाकली. अशा 18 नोंदी एकत्र केल्यावर उरले 96 ग्राहक.

इथे घाई करू नका. चिडलेला माणूस तीन ठिकाणी लिहितो, खूश असलेला एकदाच लिहितो. नोंदी मोजल्या तर चिडलेल्या माणसाला तीन मतं मिळतात. म्हणून माणसं मोजा, मेसेज मोजू नका.

आणखी एक गोष्ट. ग्राहकाचं मूळ वाक्य एका कॉलममध्ये जसंच्या तसं ठेवा. "चकली सादळली होती" याचं तुम्ही "क्वालिटी प्रॉब्लेम" करून टाकलंत, तर नंतर परत वाचायला काहीच उरत नाही.

पायरी 2: एका ओळीत एकच मुद्दा

"लाडू एक नंबर, पण पार्सल चार दिवस उशिरा आलं आणि चकली मऊ पडली होती." या एका वाक्यात तीन मुद्दे आहेत, म्हणून शीटमध्ये तीन ओळी करायच्या. ग्राहक क्रमांक तिन्हीकडे तोच ठेवायचा. अशा रीतीने 96 ग्राहकांचे 131 मुद्दे निघाले.

पायरी 3: गट आधी ठरवू नका, वाचून काढा

आपल्या इंटर्नची पहिली चूक इथेच झाली. तिने वाचायच्या आधीच चार गट करून ठेवले: क्वालिटी, सर्व्हिस, किंमत, पॅकिंग. भरायला लागल्यावर "क्वालिटी"त 46 मुद्दे जमले. त्यात नरम चकली होती, चुरा झालेली शेव होती आणि "तिखट जरा जास्त" हेही होतं. आता ताईंना काय सांगणार? क्वालिटी सुधारा?

मग तिने पहिल्या 30 ओळी शांतपणे वाचल्या आणि प्रत्येक ओळीसमोर ग्राहकाच्याच शब्दांत दोन-तीन शब्द लिहिले. सारखे शब्द एकत्र आले तसे गट बनत गेले. गट बरोबर जमलाय का, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. गटातल्या सगळ्या ओळी वाचा आणि विचारा, "हे सगळं तपासायला मी एकाच ठिकाणी जाईन का?" उत्तर नाही आलं तर गट फोडा.

दुसरी चूक जास्त बारीक होती. नरम चकलीच्या काही ओळी तिने "पॅकिंग खराब" या गटात टाकल्या होत्या. पण ग्राहकाने पॅकिंगचं नावही काढलं नव्हतं. तो फक्त नरम म्हणाला होता. गटाचं नाव म्हणजे ग्राहकाला काय जाणवलं ते. कारण शोधणं हे पुढचं काम. कारण आधीच गटाच्या नावात घातलंत, तर आकडा तुमच्याच अंदाजाला होकार देत बसतो.

पायरी 4: नियम लिहून ठेवा

आपले ग्राहक एकच गोष्ट दहा तऱ्हांनी लिहितात. नरम, मऊ, सादळली, कुरकुरीत नव्हती, इंग्रजी अक्षरांत naram, हिंदीत "करारी नहीं थी". नुसता "नरम" हा शब्द शोधून मोजलंत तर निम्म्या तक्रारी निसटतात. उलट "अजिबात नरम नाही, मस्त कुरकुरीत!" ही शाबासकी मात्र तक्रारीत मोजली जाते. शे-दोनशे ओळी असतील तर डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही.

म्हणून प्रत्येक गटासाठी एक ओळीचा नियम लिहा. उदाहरणार्थ: "नरम = कुरकुरीतपणा गेल्याची तक्रार, पदार्थ कुठलाही असो. तुकडे किंवा चुरा झाला असेल तर तो 'तुटणं' गटात." मग 20 ओळी दुसऱ्या कुणाला तरी द्या, नियम द्या, पण तुमची उत्तरं दाखवू नका. ताईंच्या भाच्याची 15 उत्तरं जुळली, 5 जुळली नाहीत. त्या पाचांवर बोलून नियम दुरुस्त केले आणि मगच सगळ्या ओळी भरल्या.

पायरी 5: मोजणी

गूगल शीट्समध्ये E कॉलममध्ये गट आणि F कॉलममध्ये पोच, म्हणजे कुरिअर की घरपोच, असं ठेवलं तर सूत्र एवढंच:

```
=COUNTIF(E:E,"नरम")
=COUNTIFS(E:E,"नरम",F:F,"कुरिअर")
```

एका ग्राहकाची एका गटात एकच ओळ ठेवा, म्हणजे हा आकडा थेट ग्राहकांचा येतो. गटाचं नाव हाताने टाइप करू नका. "उशीर" आणि "उशिर" हे शीटसाठी दोन वेगळे गट आहेत. Insert मधून Dropdown घ्या आणि यादीतूनच निवडा.

मोजणी अशी आली:

- चव आवडली: 41
- नरम: 23
- पोहोचायला उशीर: 17
- तुटणं, चुरा: 14
- किंमत जास्त: 11
- तिखट-गोडाचं प्रमाण: 9
- मेसेजला उत्तर उशिरा: 8
- इतर: 8

बेरीज 131, म्हणजे एकही ओळ सुटलेली नाही. ही बेरीज दरवेळी तपासा. आणि "इतर" सगळ्यात मोठा गट झाला, तर समजा की अजून गट नीट सापडलेले नाहीत.

पायरी 6: मोठा आकडा फोडून बघा

96 पैकी 23 जणांनी नरम म्हटलं, म्हणजे जवळजवळ चारातला एक. ताई म्हणाल्या, "बघ, मी म्हणत होते ना, भाजणीच बिघडलीय."

पण इंटर्नने तो आकडा पोचेप्रमाणे फोडला. 96 पैकी 50 ग्राहक कुरिअरचे होते आणि 46 घरपोचचे. कुरिअरवाल्या 50 पैकी 19 जणांची चकली किंवा शेव नरम होती, घरपोचवाल्या 46 पैकी फक्त 4 जणांची. भाजणी दोघांची एकच, कढई एकच. दोष भाजणीचा असता तर तक्रार दोन्हीकडे साधारण सारखीच दिसायला हवी होती.

तरी तिने लगेच निकाल दिला नाही. कदाचित गावातले ग्राहक ओळखीचे असतील आणि संकोचाने बोलत नसतील. म्हणून काहीच न लिहिलेल्या 10 गावातल्या आणि 10 कुरिअरच्या ग्राहकांना फोन केला. गावातलं कुणीच नरम म्हणालं नाही. कुरिअरवाल्यांपैकी 3 जण म्हणाले, "हो, होती थोडी मऊ, पण म्हटलं कशाला सांगायचं."

मग दोघी पॅकिंगच्या टेबलाशी गेल्या. कुरिअरसाठी ताईंनी यंदा जाड पिशवी घेतली होती, पण सीलिंग मशीनचं सेटिंग जुन्या पातळ पिशवीचंच होतं. बंद केलेली 12 पाकिटं बादलीतल्या पाण्यात बुडवून हलकेच दाबली. 5 पाकिटांच्या कोपऱ्यातून बुडबुडे आले. म्हणजे सील अर्धवट होतं. तळलेला पदार्थ हवेतला ओलावा पटकन ओढतो. गावात पाकीट त्याच दिवशी फुटतं, कुरिअरमध्ये तीन-चार दिवस जातात. तेवढ्यात चकली सादळते.

भाजणी आहे तीच राहिली. मशीनची वेळ वाढवली आणि प्रत्येक लॉटमधली दोन-तीन पाकिटं पाण्यात बुडवून बघायची पद्धत सुरू झाली.

आकडा कुठे फसवतो?

"इतर"मधल्या 8 ओळींत दोन ग्राहकांनी लिहिलं होतं, "शेवेला खवट वास येतोय." फक्त दोन. यादीत वर यायची काही शक्यता नाही. पण खवट वास म्हणजे तेलाचा प्रश्न, आणि खाण्याच्या पदार्थात तो दोनाचा असला तरी त्याच दिवशी मालकाच्या कानावर घालायचा. किती जण बोलले हे आकडा सांगतो, गोष्ट किती गंभीर आहे हे सांगत नाही. म्हणून शीटमध्ये "तातडीचं" असा वेगळा कॉलम ठेवा.

आणि रिपोर्टमध्ये "आपल्या 24 टक्के ग्राहकांची चकली नरम होती" असं कधी लिहू नका. ताईंच्या ऑर्डर 340 होत्या, बोलले 96. न बोललेल्यांचं काय झालं, हे या शीटला माहीत नाही. "प्रतिक्रिया देणाऱ्या 96 पैकी 23" एवढंच लिहा.

तिचा अख्खा रिपोर्ट एका पानात मावला. वर गटांची यादी, प्रत्येक गटाखाली ग्राहकांची दोन मूळ वाक्यं, आणि शेवटी एक ओळ: "ताई, भाजणी दळायला टाकायच्या आधी सीलिंग मशीन बघूया."

आज रात्री तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पहिल्या 30 प्रतिक्रिया शीटमध्ये उतरवा. फक्त 30. गट मात्र वाचून झाल्यावरच करा. भेटू पुढच्या व्हिडिओत!